त्यांची घड्याळे मागे, आपली झोप कमी

येत्या २५ ऑक्टोबरला युरोपातील आणि १ नोव्हेंबरला अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातील. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या या दोन रविवारी जालन्यातल्या घड्याळाचा काटा मात्र जागचा हलणार नाही. भारताने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळे तासभर पुढे ठेवली होती. आता तो प्रयोग इथे होत नाही. त्यामुळे घड्याळे मागेपुढे करण्याचा हा परदेशी खटाटोप आपल्याला लागू नाही, असे कुणालाही वाटेल. पण जालना जिल्ह्यात असे अनेक जण आहेत, ज्यांची संध्याकाळ किंवा रात्र परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबरच्या ठरलेल्या बैठकीला बांधलेली असते. त्यांच्या घरात ही घड्याळे गुपचूप शिरतात आणि हिवाळ्याचे चार महिने झोपेतला एक तास घेऊन जातात.

जालना हे बियाण्यांचे शहर. महिकोची स्थापना इथे १९६४ मध्ये झाली, तर बेजो शीतल ही कंपनी नेदरलँड्समधील बेजो झाडेन या बियाणे कंपनीशी भागीदारीने जोडलेली आहे. या धंद्यात वाणांच्या चाचण्या, रोगांच्या तपासण्या आणि बियाण्यांच्या खेपा यांवर परदेशाशी नियमित बोलणे ओघानेच येते. दुसरीकडे, कोरोनाकाळात घरून काम करण्याची सवय लागल्यापासून अंबड, परतूर, भोकरदनसारख्या गावांत बसून पुण्यातल्या कंपन्यांसाठी आणि त्यांच्या अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणारे तरुणही आहेत. दर आठवड्याला किंवा दररोज ठरावीक वेळी होणारी ऑनलाइन बैठक हा या सर्वांच्या कामाचा कणा असतो.

ही बैठक वर्षातून दोनदा का सरकते, हे समजून घ्यायला आधी दिवसाच्या लांबीकडे पाहावे लागते. जालन्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा आणि सर्वांत लहान दिवस जवळपास अकरा तासांचा असतो. फरक जेमतेम अडीच तासांचा. ॲमस्टरडॅममध्ये जूनमधला दिवस पावणेसतरा तासांच्या आसपास, तर डिसेंबरमधला पावणेआठ तासांच्या आत. तिथे उन्हाळ्यात लोक झोपेत असतानाच सूर्य उगवून बराच वर येतो. तो सकाळचा उजेड संध्याकाळकडे ढकलण्यासाठी घड्याळ तासभर पुढे करायचे आणि हिवाळ्याआधी मागे आणायचे, अशी ही पद्धत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनीने ती देशभर लागू केली आणि मग ती इतरत्र पसरली. विषुववृत्ताच्या जवळ असलेल्या भारतासारख्या देशाला तिची तशी गरज नाही.

आता बैठकीकडे येऊ. कॅलेंडर ॲपमध्ये ‘दर गुरुवारी’ अशी नोंद केली, की ॲप त्या नोंदीसोबत एक शहर किंवा कालक्षेत्रही जपून ठेवते. नोंद ज्याने केली, त्याच्या संगणकावर जी वेळ चालू असते, तीच बहुधा या नोंदीची मालक होते. कॅलिफोर्नियातल्या माणसाने सकाळी सातची बैठक लावली, तर ती तिथे बारा महिने सातलाच राहते आणि सरकते ती जालन्यातली वेळ. जालन्यातल्या माणसाने रात्री साडेआठची बैठक लावली, तर इथली वेळ कायम राहते आणि कॅलिफोर्नियातली सरकते. ॲप यात चूक करत नाही. ते सांगितलेले पाळते. ‘कुणाचे घड्याळ प्रमाण मानायचे’ हा प्रश्न माणसांनी एकमेकांना विचारलेलाच नसतो, आणि उत्तर मात्र ॲपने परस्पर ठरवलेले असते.

अमेरिका आणि युरोप हे दोघेही घड्याळे बदलतात, पण एकाच दिवशी नाही. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपीय संघात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. २००६ पर्यंत अमेरिकेची सुरुवात एप्रिलच्या पहिल्या रविवारी होत असे आणि शेवट युरोपाबरोबरच होत असे. तेव्हा हा फरक वर्षातून एखाद्या आठवड्याचा होता. २००७ पासून अमेरिकेने उन्हाळी वेळ दोन्ही बाजूंनी लांबवली. तेव्हापासून मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा, दोन्ही खंड एकमेकांशी नेहमीच्या अंतरावर नसतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. समजा, जालन्यातल्या एका बियाणे संशोधकाच्या दर गुरुवारी दोन बैठका असतात. पहिली डच सहकाऱ्याने लावलेली, त्याच्या दुपारी तीन वाजता. दुसरी कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्याने लावलेली, त्याच्या सकाळी सात वाजता. जानेवारीत पहिली बैठक जालन्यात संध्याकाळी साडेसातला आणि दुसरी रात्री साडेआठला असते. एक संपली की दुसरी सुरू, मध्ये गडबड नाही. यंदा ८ मार्चला अमेरिकेचे घड्याळ पुढे गेले आणि कॅलिफोर्नियाची बैठक जालन्यात साडेसातवर आली. डच बैठक मात्र अजून साडेसातलाच होती, कारण युरोपाचे घड्याळ २९ मार्चला बदलायचे होते. म्हणजे १२, १९ आणि २६ मार्च या तीन गुरुवारी दोन्ही बैठका एकाच वेळी. २९ मार्चनंतर डच बैठक साडेसहावर गेली आणि गुंता आपोआप सुटला. हाच पेच आता २९ ऑक्टोबरच्या गुरुवारी पुन्हा पडेल. युरोप तोवर मागे आलेला असेल आणि अमेरिका आलेली नसेल. डच बैठक साडेसातला परतेल आणि कॅलिफोर्नियाची अजून साडेसातलाच असेल. पुढच्या गुरुवारी, ५ नोव्हेंबरला, सगळे पुन्हा जानेवारीसारखे होईल.

या प्रकारात फसगत होते ती दोष चुकीच्या ठिकाणी शोधल्यामुळे. बैठक चुकली की माणूस इंटरनेटला, ॲपला किंवा समोरच्याला बोल लावतो. तीन आठवड्यांनी सगळे सुरळीत झाले, की विषय संपतो आणि सहा महिन्यांनी तोच घोळ नव्याने होतो. त्यात भर पडते ती अक्षरांची. आमंत्रणात अनेक जण सवयीने वर्षभर ‘PST’ लिहितात. ही अक्षरे कॅलिफोर्नियाच्या हिवाळी वेळेची आहेत. उन्हाळ्यात तिथे ‘PDT’ चालू असते आणि दोन्हींत एका तासाचा फरक आहे. जुलैमध्ये ‘सकाळी ९ PST’ असे वाचून कुणी काटेकोर हिशेब केला, तर तो एक तास उशिरा हजर होतो. लिहिणाऱ्याला खरे तर ‘तिथले नऊ’ एवढेच म्हणायचे असते.

एखादी बैठक चुकणे हे नुकसान दिसते तरी. न दिसणारे नुकसान हे त्याहून मोठे आहे. ते रात्रीच्या बैठकीत लपलेले असते.

अंबडसारख्या गावातून घरूनच काम करणाऱ्या एखाद्या महिलेचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणा. सोमवार ते शुक्रवार तिची कॅलिफोर्नियातल्या गटाशी बैठक असते, तिथल्या सकाळी नऊ वाजता. उन्हाळी वेळेत ही बैठक इथे रात्री साडेनऊला सुरू होते. पाऊण तासाने, सव्वादहाला ती संपते. बोलणे, पडद्याचा उजेड आणि डोक्यातले काम निवायला तासभर जातो. सव्वाअकराला झोप लागते. सकाळी पावणेसहाला उठावे लागते, कारण नळाला पाणी येण्याची वेळ, मुलाचा डबा आणि शाळेची गाडी यांतले काहीही कॅलिफोर्नियाला विचारून ठरत नाही. झोप साडेसहा तास होते. १ नोव्हेंबरनंतर तीच बैठक इथे साडेदहाला सुरू होईल, सव्वाअकराला संपेल आणि झोप सव्वाबाराला लागेल. सकाळचे पावणेसहा तेच. झोप उरली साडेपाच तास.

अमेरिकेत घड्याळ मागे गेल्याच्या रात्री लोकांना एक तास जास्त झोप मिळते, तीही एकाच रात्री. अंबडमध्ये त्याच बदलामुळे एक तास कमी होतो आणि तो कामाच्या प्रत्येक रात्री. पुढची उन्हाळी वेळ १४ मार्च २०२७ ला सुरू होईल. मधले १९ आठवडे, आठवड्याला पाच रात्री, म्हणजे सुट्ट्या वगळण्याआधी ९५ रात्री. घड्याळबदलाच्या आरोग्यावरील परिणामांची पाश्चात्त्य देशांतली चर्चा प्रामुख्याने मार्चमधल्या एका हरवलेल्या तासाभोवती फिरते. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले होते. हा निष्कर्ष जालन्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे संपूर्ण समाजाचे घड्याळ एका रात्रीत बदलते, इथे घड्याळ तेच राहते आणि काही जणांची फक्त रात्र लांबते. इथला त्रास हा एका धक्क्याचा नाही, रोज थोडे थोडे साठत जाणाऱ्या कर्जाचा आहे.

या कर्जाबद्दल विज्ञान बरेच काही सांगते. २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी प्रौढांना प्रयोगशाळेत ठेवून सलग १४ दिवस ठरावीक तासच झोपू दिले. काहींना आठ तास, काहींना सहा, काहींना चार. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग दिवसागणिक घसरत गेला आणि दोन आठवड्यांअखेर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला पोचला. या प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कामगिरी घसरत असताना या लोकांना स्वतःला येणारी झोप मात्र सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारशी वाढल्यासारखी वाटत नव्हती. ‘सवय झाली आहे’ हे वाक्य म्हणून फसवे आहे. सवय होते ती थकव्याच्या जाणिवेची. मेंदूचे काम तसेच मंदावलेले राहते.

शरीराच्या आतले घड्याळ उजेडावर चालते. संध्याकाळी उशिरा डोळ्यांवर पडणारा प्रखर उजेड झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दाबतो आणि हे घड्याळ पुढे ढकलतो. म्हणजे झोप उशिरा येते. पहाटेचा आणि सकाळचा उजेड त्याला पुन्हा जागेवर ओढून आणतो. जालन्याच्या बाबतीत इथे एक भौगोलिक गोष्ट आडवी येते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे. जालना त्याच्या पश्चिमेला, सुमारे ७६ अंशांवर आहे. त्यामुळे इथे सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २६ मिनिटे मागे चालतो. जूनमध्ये सूर्योदय पावणेसहाच्या आसपास होतो, तर जानेवारीच्या मध्यात सात वाजून गेल्यावर. म्हणजे ज्या महिन्यांत बैठक तासभर उशिरा जाते, नेमक्या त्याच महिन्यांत पावणेसहाला उठणाऱ्याला सकाळचा उजेडही तासाभराहून अधिक उशिरा मिळतो. घड्याळ मागे ओढणारा हात सैल झालेला असतो आणि पुढे ढकलणारा बळकट.

प्रौढांनी नियमितपणे किमान सात तास झोप घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील झोपविषयक वैद्यकीय संस्थांनी २०१५ मध्ये केली आहे. आपले कर्ज साठते आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता झोपल्यावर एरवीपेक्षा दीड-दोन तास उशिरा जाग येत असेल, दुपारी जेवणानंतर बसल्या जागी डोळा लागत असेल, दुचाकीवर मागच्या किलोमीटरभरातले काही आठवत नसेल, तर उत्तर मिळालेले आहे. हे नोव्हेंबर ते मार्च वाढते आणि उन्हाळ्यात कमी होते, असे लक्षात आले तर कारण हवामानात शोधण्याआधी कॅलेंडरमध्ये शोधावे.

सर्वांचे गणित सारखे नसते, हेही खरे. कॅलिफोर्नियातल्या संध्याकाळी पाचच्या बैठकीला बसणाऱ्याची वेळ इथे हिवाळ्यात पहाटे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच असते. त्याची झोप नोव्हेंबरमध्ये वाढते आणि मार्चमध्ये तुटते. युरोपाशी काम करणाऱ्यांचा कॉल संध्याकाळी साडेसहा-साडेसातच्या दरम्यान हलतो. त्यात झोप जात नाही, पण घरी परतण्याची एसटी किंवा मुलांचा अभ्यास जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या बैठकीचा हिवाळा आणि उन्हाळा वेगवेगळा मांडून पाहायला हवा.

उपाय तांत्रिक नाही, वाटाघाटीचा आहे. पहिले काम पाच मिनिटांचे आहे. नेहमीच्या बैठकीची नोंद उघडायची आणि ती कोणत्या वेळेला बांधलेली आहे, ते पाहायचे. ‘Pacific Time’ की ‘India Standard Time’, हे तिथे लिहिलेले असते. मग १ नोव्हेंबरनंतरची एक तारीख आणि १४ मार्चनंतरची एक तारीख उघडून आपल्याकडची वेळ किती दिसते, ते लिहून ठेवायचे. दोन बैठका असतील तर २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा आठवडा वेगळा पाहायचा.

दुसरे काम गटप्रमुखांचे आणि कंपन्यांचे आहे. वर घेतलेल्या उदाहरणातली बैठक कॅलिफोर्नियाच्या नऊऐवजी भारताच्या रात्री साडेनऊला बांधली, तर हिवाळ्यात तिथे ती सकाळी आठला येते. म्हणजे तासाचा भार कुणाला तरी उचलावाच लागतो. एका बाजूला सकाळी नऊऐवजी आठला लॅपटॉप उघडणे आहे, दुसऱ्या बाजूला सव्वाअकराऐवजी सव्वाबाराला डोळा लागणे. एकाचा नाश्ता लवकर होतो, दुसऱ्याची झोप साडेसहावरून साडेपाचवर येते. हे दोन तास सारखे नाहीत. जो गट दिवसाच्या टोकाला बसतो, त्याच्या घड्याळाला बैठक बांधावी, हा साधा नियम यातून निघतो. समोरच्या गटात कुणाला सकाळी आठला मुले शाळेत सोडायची असतील, तर आठवड्यातले दोन दिवस एका वेळेला आणि तीन दिवस दुसऱ्या, असाही तोडगा निघू शकतो. पण तो बोलून निघावा. आमंत्रण कुणी पाठवले या योगायोगाने निघू नये.

बदल करताना एक खबरदारी हवी. जुन्या नोंदीची वेळ भारतीय वेळेला बांधली, तर आता सरकणारी बाजू परदेशातली असेल आणि तिला ते ठाऊक नसेल. म्हणून बदलाआधी आठवडाभर, दोन्हीकडची वेळ शहराच्या नावासह लिहून सर्वांना कळवावी. ‘जालना रात्री साडेनऊ, लॉस एंजेलिस सकाळी आठ’ असे लिहिले, की ‘PST’ आणि ‘PDT’ यांचा घोळ राहत नाही.

ज्यांना वेळ बदलून मिळणे शक्य नाही, त्यांच्या हाती थोड्या गोष्टी उरतात. सव्वाअकराला संपणाऱ्या बैठकीत खोलीतला मोठा दिवा बंद ठेवून पिवळा, मंद दिवा वापरणे, पडद्याची तीव्रता कमी करणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे आणि सूर्य उगवल्यावर अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर उजेडात घालवणे. यांनी झोप लवकर लागायला मदत होते. पण हरवलेला तास पूर्ण परत येत नाही. तो घरातल्या कामांच्या वाटणीतूनच येऊ शकतो. सकाळचे पाणी आणि डबा हे दोन्ही एकाच व्यक्तीने करायचे, ही रीत हिवाळ्यापुरती तरी बदलली, तर पावणेसहाचा गजर पावणेसातवर जाऊ शकतो.

ही पद्धतच बंद होईल, या आशेवर थांबण्यात अर्थ नाही. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळबदल थांबवण्याच्या बाजूने मतदान केले, पण सदस्य देशांचे एकमत झाले नाही. अमेरिकी सिनेटने २०२२ मध्ये कायमस्वरूपी उन्हाळी वेळेचे विधेयक मंजूर केले, ते पुढे प्रतिनिधिगृहात अडकले. काटे यंदाही मागे जातील. १ नोव्हेंबरला रविवार आहे आणि साडेदहाची पहिली बैठक सोमवारी, २ तारखेला असेल. कुणाचे घड्याळ प्रमाण मानायचे, हा प्रश्न विचारायला त्याआधीचे दिवस पुरेसे आहेत.